तोट्यात विकलेलं पॅनेल

नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात किंवा पुण्याच्या भोसरीत इलेक्ट्रिकल माल बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात शिरलं, की पुष्कळदा एकाच शेडमध्ये दोन वेगळी कामं चाललेली दिसतात. एका टेबलावर शेतीपंपाचे स्टार्टर जुळत असतात. तोच डबा, तोच कॉन्टॅक्टर, तोच रिले, एक हिरवं बटण, एक लाल. दिवसाला पंचवीस-तीस नग सहज निघतात. दुसऱ्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं एखादं कंट्रोल पॅनेल दार उघडं टाकून उभं असतं आणि दोन वायरमन ड्रॉइंग बघत त्यात वायरी ओढत असतात. पुढच्या आठवड्यात त्या जागी दुसरं पॅनेल असतं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आणि दुसऱ्याच ड्रॉइंगचं.

मालकाला विचारावं की पैसा कशात सुटतो, तर तो बहुतेक वेळा पॅनेलकडे बोट दाखवतो. स्टार्टरमध्ये आता काही राम राहिला नाही, डीलर भाव पाडून मागतो, शेजारचा कारखानदार कसा काय एवढ्या स्वस्तात देतो कळत नाही, अशी तक्रार असते. पॅनेलच्या बाबतीत मात्र सगळं छान असतं. कोटेशन गेलं की ऑर्डर येते, फारशी घासाघीसही होत नाही.

कॉस्ट अकाउंटंट नेमका इथंच सावध होतो. अवघड, वेळखाऊ, दरवेळी नव्या मालाची ऑर्डर सहज मिळते आणि सोप्या, सरावाच्या मालात टिकाव लागत नाही, हे चित्र उलटं आहे. कारखाना एवढा तरबेज असेल, तर त्याला सोपा माल परवडायला हवा. तो परवडत नसेल, तर एका मालाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर चढत असण्याची शक्यता मोठी.

अशा मालकाला कॉस्ट अकाउंटंट जे प्रस्तावपत्र देतो, त्यात किंमत ठरवण्याची रीत बदलण्याची शिफारस असते. त्या रीतीला ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात, बोलताना नुसतं एबीसी. खर्च मालावर सरसकट वाटायचा नाही. आधी तो कारखान्यातल्या कामांवर टाकायचा आणि ज्या मालाने जेवढं काम करायला लावलं, तेवढा त्याच्या माथी मारायचा. कल्पना एका वाक्यात सांगून होते, पण मालकाला ती पटते ती आकड्यांमुळे. म्हणून असं एक पत्र इथे उलगडून पाहू. पुढचे आकडे हिशोब सोपा राहावा म्हणून गोल केलेल्या एका नमुना कारखान्याचे आहेत आणि त्यात जीएसटी धरलेला नाही.

पत्राची सुरुवात साधी असते. “सस्नेह नमस्कार. आपण कारखान्याच्या भेटीत केलेल्या विचारणेवरून हा प्रस्ताव सादर करत आहे.” विचारणेचा हा उल्लेख निव्वळ शिष्टाचार नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटला १९५९च्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाच्या मागे लागून काम मागता येत नाही. परिपत्रकं वाटणं, जाहिरात करून कामं ओढणं हे गैरवर्तनात मोडतं. विचारणा झाली, तर उत्तर देता येतं. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत विचारणा कोणाकडून आली हे नोंदवलेलं बरं.

त्यानंतर सध्याच्या पद्धतीचं वर्णन. नमुना कारखान्यात वर्षाला ८,००० स्टार्टर आणि १०० पॅनेल बनतात. एका स्टार्टरला १,५०० रुपयांचा कच्चा माल आणि एक तास मजुरी लागते. एका पॅनेलला ६०,००० रुपयांचा माल आणि ४० तास. मजुरीचा तास प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय धरून १२० रुपयांना पडतो. स्टार्टरचे ८,००० तास आणि पॅनेलचे ४,००० मिळून १२,००० तास होतात, म्हणजे सहा कामगारांचं वर्षभराचं काम.

यापलीकडचा सगळा खर्च म्हणजे ओव्हरहेड. डिझाइन इंजिनियरचा पगार, खरेदीवाला, टेस्टिंगचा माणूस, भाडं, वीज, साइटवर जाण्याचा प्रवास, सगळं धरून वर्षाला ४८ लाख. हा खर्च मालावर चढवायची सगळीकडे रुळलेली रीत अशी, की ४८ लाखांना १२,००० तासांनी भागायचं. तासाला ४०० रुपये येतात. स्टार्टरला एक तास, म्हणून त्यावर ४०० रुपये. पॅनेलला ४० तास, म्हणून १६,०००. बेरीज केली की स्टार्टर २,०२० रुपयांना आणि पॅनेल ८०,८०० रुपयांना पडतं. त्यावर १५ टक्के नफा लावून मालक कोटेशन देतो. पॅनेल ९२,९२० रुपयांना जातं. स्टार्टरला २,३२३ रुपये मिळायला हवेत, पण बाजार २,१००च्या वर जाऊ देत नाही. मालकाच्या हिशोबाने त्याला स्टार्टरमागे जेमतेम ८० रुपये सुटतात आणि पॅनेलमागे १२,१२० रुपये.

मग एखादा डीलर येतो आणि हजार नगांची ऑर्डर २,००० रुपयांच्या भावाने मागतो. मालक नाही म्हणतो, कारण त्याच्या वहीत तो नगामागे २० रुपये तोटा आहे.

ही तासावर भागायची पद्धत मूर्खपणाची नव्हती. कारखान्याच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा होता आणि माल एकाच छापाचा होता, तेव्हा ती बरीच बरोबर उत्तरं देत असे. आजही जो कारखाना फक्त स्टार्टर बनवतो, त्याला एबीसीचा फारसा उपयोग नाही, आणि प्रामाणिक सल्लागार त्याला तसं सांगतो. गडबड होते ती एका छपराखाली दोन स्वभावांचा माल आला की. ओव्हरहेडचा मोठा हिस्सा कामगाराच्या हातांनी निर्माण होतच नाही. तो टेबलावर, फोनवर आणि ईमेलवर निर्माण होतो.

पॅनेलची एक ऑर्डर आल्यापासून काय काय घडतं ते बघण्यासारखं असतं. चौकशी येते तेव्हा गिऱ्हाइकाकडे पुष्कळदा नुसती मोटरींची यादी असते. इंजिनियर त्यावरून सिंगल लाइन डायग्राम काढतो, पॅनेलची बाहेरची मापं आणि आतली मांडणी काढतो, मालाची यादी करतो. ड्रॉइंग मंजुरीला जातं, लाल खुणांनी भरून परत येतं. अमुक कंपनीचा ब्रेकर नको, तमुक कंपनीचा हवा. केबल खालून नाही, वरून येणार. ब्रेकर बदलला की त्याचं माप बदलतं, माप बदललं की तांब्याची बसबार पुन्हा आखावी लागते. तिकडे खरेदीवाला एका पॅनेलसाठी बारा वेगवेगळ्या ठिकाणी ऑर्डर टाकत असतो: ब्रेकर एकाकडून, मीटर दुसऱ्याकडून, ग्लँड तिसऱ्याकडून, आणि नेमका एक टायमर कुठेच मिळत नसतो. पत्रा पंच करायला आणि बसबार वाकवायला मशीन त्या एका पॅनेलसाठी नव्याने लावावं लागतं. पॅनेल तयार झालं की मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, हाय व्होल्टेज टेस्ट घ्यायची, एकेक सर्किट चालवून बघायचं. गिऱ्हाइकाचा तपासनीस येतो तेव्हा हेच सगळं त्याच्यासमोर पुन्हा करायचं. माल पोचल्यावर साइटवरून फोन येतो, की मोटर उलटी फिरतेय, कोणाला तरी पाठवा.

स्टार्टरला यातलं काय लागतं? ड्रॉइंग एकदाच काढून झालेलं आहे. खरेदीच्या ऑर्डरी ठरलेल्या मालाच्या, ठरलेल्या माणसांकडे. मशीन एकदा लावलं की २०० नगांची बॅच होते. टेस्टिंग तीन मिनिटांचं.

आणि तरीही जुन्या हिशोबात ४८ लाखांपैकी ३२ लाख स्टार्टरवर पडतात, केवळ कामगारांचे दोनतृतीयांश तास तिकडे जातात म्हणून.

पत्रातला मुख्य भाग या ४८ लाखांची नव्याने फोड करतो. सल्लागार त्याचे सहा गठ्ठे करतो. डिझाइनवर १४ लाख ४० हजार, खरेदीवर ७ लाख २० हजार, मशीन लावण्यावर ४ लाख ८० हजार, टेस्टिंगवर ६ लाख, साइटच्या फेऱ्यांवर ४ लाख ८० हजार आणि उरलेले १० लाख ८० हजार जागा, वीज वगैरे सर्वसाधारण खर्चाचे. प्रत्येक गठ्ठा कशामुळे वाढतो हे शोधायचं आणि त्या मोजमापाने तो वाटायचा. डिझाइन इंजिनियरच्या २,४०० तासांपैकी २,२४० पॅनेलला गेले असतील, तर डिझाइनचा खर्च त्याच प्रमाणात जाणार. वर्षभरात खरेदीच्या १,२०० ऑर्डरी निघाल्या, त्यांतल्या ९६० पॅनेलसाठी होत्या. मशीन २०० वेळा लावलं, १६० वेळा पॅनेलसाठी. टेस्टिंगच्या १,५०० तासांपैकी १,१०० पॅनेलचे. साइटच्या १२० फेऱ्यांपैकी १०० पॅनेलच्या. फक्त शेवटचा गठ्ठा पूर्वीसारखाच कामगारांच्या तासांवर वाटायचा, कारण जागा आणि वीज त्यांच्यामागे लागते असं मानायला हरकत नाही.

सगळी बेरीज केल्यावर पॅनेलच्या नावावर ३५ लाख ४ हजार येतात आणि स्टार्टरच्या नावावर १२ लाख ९६ हजार. नगाच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टरवरचा ओव्हरहेड ४०० वरून १६२ रुपयांवर उतरतो आणि पॅनेलवरचा १६,००० वरून ३५,०४० वर चढतो. स्टार्टर १,७८२ रुपयांना पडतो. पॅनेल पडतं ९९,८४० रुपयांना, आणि ते विकलं गेलंय ९२,९२० रुपयांना. ज्या पॅनेलमागे बारा हजार सुटतात असं वाटत होतं, त्यात सात हजारांच्या आसपास जात होते. ज्या स्टार्टरमध्ये राम नव्हता, त्यात नगामागे ३१८ रुपये होते. परत पाठवलेल्या डीलरच्या ऑर्डरीतही नगामागे २१८ रुपये होते.

इथे मालक हमखास एक प्रश्न विचारतो आणि तो योग्यच आहे: इतका घोळ होता, तर आमच्या सीएंना वर्षानुवर्षं कसा दिसला नाही? उत्तर आकड्यातच आहे. जुन्या हिशोबाने स्टार्टरचा नफा ६ लाख ४० हजार आणि पॅनेलचा १२ लाख १२ हजार, मिळून १८ लाख ५२ हजार. नव्या हिशोबाने स्टार्टरचा नफा २५ लाख ४४ हजार, पॅनेलचा तोटा ६ लाख ९२ हजार, आणि बेरीज पुन्हा १८ लाख ५२ हजार. एकूण नफा तोच राहतो, फक्त तो कुठून येतो ते बदलतं. ताळेबंद, प्राप्तिकर, बँकेचं स्टेटमेंट या सगळ्यांना बेरजेशी मतलब असतो. त्यामुळे हा घोळ तिथं दिसूच शकत नाही. टॅलीत सगळ्या नोंदी चोख असल्या, तरी तो तसाच राहतो.

पत्रातला सगळ्यात कामाचा भाग मात्र याच्या पुढचा आहे आणि त्याचं मूळ जर्मनीत सापडतं. बाड नॉयश्टाट इथला सीमेन्सचा मोटर कारखाना १९८०च्या दशकात अशाच पेचात होता. साध्या ठरावीक मोटरी पूर्व युरोपातले कमी मजुरीचे कारखाने स्वस्तात देऊ लागले, तसा हा कारखाना गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे खास मोटरी बनवण्याकडे वळला. ऑर्डरी लहान झाल्या. स्वीकारलेल्या ऑर्डरींपैकी सुमारे तीनचतुर्थांश पाचपेक्षाही कमी मोटरींच्या होत्या. जुन्या हिशोबातून मात्र लहान आणि मोठ्या ऑर्डरीतला फरक कळत नव्हता. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रॉबिन कूपर यांनी या कारखान्यावर केस लिहिली आणि ती पुढे या विषयाच्या अभ्यासक्रमात ठिकठिकाणी शिकवली गेली. सीमेन्सच्या लोकांनी डोळे फिरवणारी मोठी यंत्रणा उभारली नाही. त्यांनी ओव्हरहेडमधून दोनच गोष्टी वेगळ्या काढल्या: एक ऑर्डर हाताळायला येणारा खर्च, आणि खास सुटे भाग हाताळायला येणारा खर्च. ऑर्डर एका मोटरीची असो की शंभराची, ती हाताळायचा खर्च जवळपास तेवढाच. मग तो एकाच मोटरीवर पडणार की शंभरांत वाटला जाणार, यावर मोटरीची किंमत ठरते.

नमुना कारखान्याला हाच चष्मा लावून पाहिलं, तर पॅनेलच्या ३५,०४० रुपयांचे दोन भाग पडतात. वर्षाला १०० पॅनेल जातात, पण ऑर्डरी असतात ८०. एका ऑर्डरीला सरासरी २८ तास डिझाइन, १२ खरेदी ऑर्डरी आणि दोनदा मशीन लावणं लागतं. त्याचे होतात २८,८०० रुपये. हा खर्च ऑर्डरीचा आहे, पॅनेलचा नाही. टेस्टिंग, साइटची फेरी आणि जागा-वीज मिळून १२,००० रुपये मात्र प्रत्येक पॅनेलला लागतात.

आता एकाच पॅनेलची ऑर्डर आली, तर माल आणि मजुरीचे ६४,८०० रुपये, पॅनेलचे १२,००० आणि ऑर्डरीचे २८,८०० मिळून ते १,०५,६०० रुपयांना पडतं. तीच ऑर्डर पाच सारख्या पॅनेलची असेल, तर ऑर्डरीचा खर्च पाचांत विभागून प्रत्येकी ५,७६० रुपये येतो आणि पॅनेल ८२,५६० रुपयांना पडतं. म्हणजे ९२,९२० हा भाव पाच पॅनेलच्या ऑर्डरीला चांगला आहे, दोनच्या ऑर्डरीला जेमतेम भागतो आणि एकाच पॅनेलला दिला, तर पावणेतेरा हजारांचा खड्डा आहे.

यावरून मालकाला आजवर न सुटलेलं आणखी एक कोडं सुटतं. टेंडरमध्ये एकेका पॅनेलची कामं आपल्यालाच का लागतात आणि पाच-सहा पॅनेलची मोठी कामं का निसटतात? कारण सगळ्यांना तो सरासरी भाव देतो. सरासरी भाव छोट्या ऑर्डरीला स्वस्त पडतो, म्हणून तिथे तो सर्वांत खाली असतो. मोठ्या ऑर्डरीला तोच भाव महाग पडतो, आणि तिथे ज्याला आपला खर्च नीट ठाऊक आहे असा प्रतिस्पर्धी ती उचलतो. वर्षानुवर्षं असं चाललं, की कारखान्यात हळूहळू तोट्याच्या ऑर्डरीच जमा होत जातात आणि यात कोणाचा निष्काळजीपणाही नसतो.

म्हणून पत्राची शिफारस पॅनेलची किंमत वाढवा, एवढीच राहत नाही. कोटेशनची घडण बदला, असं ते सुचवतं. नगाच्या भावातून डिझाइन आणि इंजिनियरिंगचा आकार बाहेर काढायचा आणि ऑर्डरीमागे एकदाच लावायचा. गिऱ्हाइकाने तेच ड्रॉइंग वापरून पुन्हा ऑर्डर दिली, तर तो आकार माफ किंवा निम्मा करायचा. मंजुरीनंतर ड्रॉइंगमध्ये किती बदल फुकट करून मिळतील, हे कोटेशनवर छापायचं. त्यापुढच्या प्रत्येक तासाला ६०० रुपये. साइटची एक फेरी भावात धरलेली, दुसऱ्या फेरीचे ४,००० रुपये वेगळे. स्टार्टरच्या बाबतीत डीलरला मोठ्या ऑर्डरीवर २,००० पर्यंत उतरायला हरकत नाही, असंही पत्र सांगतं.

हा शेवटचा मुद्दा वाचून मालक उत्साहात येतो आणि त्याच्या डोक्यात पुढची गोष्ट शिरते: मग पॅनेलचं झंझट बंदच करूया की!

पत्र चांगलं असेल, तर ते इथं त्याचा हात धरतं. पॅनेल बंद केली, म्हणून ३५ लाखांचा ओव्हरहेड दुसऱ्या दिवशी नाहीसा होत नाही. इंजिनियरचा पगार चालू राहतो, भाडं चालू राहतं, टेस्टिंगची यंत्रं विकत घेतलेली आहेत. पॅनेलमागे ९२,९२० रुपये येत होते आणि माल-मजुरीचे ६४,८०० जात होते, म्हणजे प्रत्येक पॅनेल २८,१२० रुपये ओव्हरहेडकडे आणून टाकत होतं. शंभर पॅनेलचे २८ लाख १२ हजार. ते एकदम थांबले आणि बाकी काहीच कमी झालं नाही, तर १८ लाख ५२ हजारांचा नफा जाऊन ९ लाख ६० हजारांचा तोटा समोर येईल. एबीसीचा आकडा सांगतो, की हा माल कारखान्याची किती साधनं अडवून बसला आहे. तो उद्या बंद केला, तर किती रुपये वाचतील हे त्यातून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे चांगले चाललेले धंदे अडचणीत आणता येतात. म्हणून क्रम असा, की आधी भाव बदलायचे. भाव बदलल्यावर ज्या ऑर्डरी आपणहून गळतील त्या गळू द्यायच्या, आणि त्यातून मोकळा झालेला इंजिनियरचा वेळ खरोखर कशाला लावायचा, हे ठरवायचं.

मोकळ्या वेळेचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. वर २,४०० तास धरले, ते प्रत्यक्ष वापरलेले तास होते. डिझाइन विभाग समजा ३,००० तास काम करू शकत असेल, तर तासाचा दर १४ लाख ४० हजारांना ३,००० ने भागून काढायला हवा. तो ६०० नाही, ४८० येतो. उरलेले ६०० तास, म्हणजे २ लाख ८८ हजार रुपये, रिकाम्या बसण्याचा खर्च आहे. तो मालकाला वेगळा दाखवायचा. पॅनेलच्या भावात तो घातला, तर मंदीत काम कमी झालं की दर वाढतो, दर वाढला की ऑर्डरी आणखी कमी होतात, आणि कारखाना स्वतःच स्वतःला महाग करत जातो. आपल्या नमुना कारखान्यात इंजिनियर गळ्यापर्यंत कामात बुडालेला आहे, म्हणून ६०० ठीक आहेत. दुसरीकडे ते तपासूनच वापरावेत.

एबीसीला चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो सगळा यशाचा नाही. कूपर आणि हार्वर्डचेच रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८८ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत या पद्धतीची जोरदार बाजू मांडली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी ती उचलली आणि त्यांतल्या पुष्कळांनी काही वर्षांत गुंडाळूनही ठेवली. कारण रोजच्या व्यवहारातलं होतं. कामांच्या याद्या शेकड्यांत गेल्या. माणसांना बसवून विचारलं जाई, की तुझा किती टक्के वेळ कशात जातो? आणि प्रत्येकाच्या टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर यायची. रिकामा वेळ कोणीच लिहीत नसे. त्यावर २००४ मध्ये कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर सोपी रीत मांडली. टक्के विचारू नका, एका कामाला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि माणसाच्या कामाच्या वेळेचा दर लावा. छोट्या कारखान्याला हीच रीत झेपते. सहा गठ्ठे पुरेत. पंधरा केले, तर हिशोब काही अचूक होत नाही, फक्त तो ठेवणारा माणूस कंटाळतो.

पत्राचा उरलेला भाग कामाच्या शर्तींचा. सल्लागाराला काय लागेल, तर गेल्या वर्षीची टॅलीची खातेवही, खरेदी ऑर्डरींचं रजिस्टर, आणि दोन महिने डिझाइन व टेस्टिंगच्या माणसांनी रोज संध्याकाळी भरायचा एक साधा कागद: कोणती ऑर्डर, किती तास. या कागदावर सगळं अवलंबून असतं आणि इथंच सगळं बिघडतं. पहिला आठवडा तो नीट भरला जातो, नंतर शनिवारी सहा दिवसांचा एकदम भरला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: सगळे आकडे गोल दिसायला लागतात, दोन तास, चार तास, आठ तास. खऱ्या नोंदीत पाऊण तास आणि सव्वातीन तास असतात. म्हणून चांगला सल्लागार पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा न सांगता येऊन तो कागद बघतो, आणि माणसांना आधीच सांगून ठेवतो, की हा कागद पगार कापायला नाही. ते खरं असावं, याची जबाबदारी मालकाची.

फी ठरावीक रकमेत सांगितलेली असते. नफा वाढला तर त्यातले इतके टक्के, अशी बोली साधारणपणे करता येत नाही, कारण निकालावर अवलंबून असलेली फी हेही त्याच १९५९च्या कायद्यात गैरवर्तन धरलेलं आहे. शिवाय पत्रात एक प्रामाणिक वाक्य असायला हवं: “ही कामगिरी आपल्यावर कायद्याने बंधनकारक नाही.” २०१४च्या कंपनी कॉस्ट रेकॉर्ड नियमांत इलेक्ट्रिकल यंत्रसामग्रीचा समावेश आहे, पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. हा हिशोब ठेवायचा तो सरकारसाठी नाही, स्वतःच्या कोटेशनसाठी. त्यामुळे फीच्या मोबदल्यात काय मिळणार, याला पत्रात ठोस उत्तर हवं.

आणि काय मिळणार नाही, तेही. पॅनेलच्या लाखभर खर्चात साठ हजार कच्च्या मालाचे आहेत, आणि तांब्याचा भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर हलतो. त्याच्यापुढे एबीसीची मात्रा चालत नाही. तीन महिन्यांनी माल द्यायचा असेल, तर भावफरकाची अट कोटेशनमध्ये लागते. इलेक्ट्रिकल उत्पादकांची संघटना ‘ईमा’ त्यासाठी सूत्रं आणि धातूंचे भाव प्रसिद्ध करते. पाच टक्क्यांनी माल वाढला, की पॅनेलमागे तीन हजार जातात. नव्या हिशोबाने वाचवलेला पैसा अशा एका झटक्यात गेला आणि मग खापर नव्या पद्धतीवर फुटलं, असं होऊ नये म्हणून सल्लागार ही ओळ पत्रात आधीच घालून ठेवतो.

पत्राच्या शेवटी सल्लागार एक छोटी मागणी करतो. गेल्या वर्षातली तीन कोटेशनं काढून द्यावीत: एका पॅनेलचं एक, पाच किंवा जास्त पॅनेलचं एक, आणि भाव जमला नाही म्हणून सोडलेली स्टार्टरची एक ऑर्डर. या तिन्हींचा हिशोब नव्या रीतीने आधी मांडून दाखवला जाईल. तो पाहून मालकाने होकार दिला, तरच पुढचं काम आणि पुढची फी.

यात खरी कसोटी मालकाची लागते, ती पहिलं नवं कोटेशन गेल्यावर. वर्षानुवर्षं ९३ हजारांत पॅनेल घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकापुढे आता इंजिनियरिंगचे २८ हजार वेगळ्या ओळीत छापून येतात आणि त्याचा फोन येतो, “शेठ, हे काय नवीन?” त्यावर द्यायचं उत्तर आकड्यांत तयार आहे. याच ड्रॉइंगची दुसरी ऑर्डर दिलीत, तर ही ओळ निघून जाईल. पाच एकदम घेतलीत, तर पॅनेलमागे सहा हजारांच्या आत येईल. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावर दोन प्रकल्पांची पॅनेल एका ऑर्डरीत घालतात. काही दुसऱ्या कारखान्याकडे जातात, जिथे अजून सगळ्यांना सरासरी भावच दिला जातो.